फीडबॅक फॉर्ममधला शेवटचा चौकोन

आजचा भाग घरूनच रेकॉर्ड करतोय, मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

विषय असा निघाला. माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्री अकरा वाजता तिचा मेसेज आला. "दादा, फीडबॅक भरल्याशिवाय हॉल तिकीट डाउनलोड होत नाहीये. डीबीएमएसच्या मॅडमबद्दल काय लिहू?"

कॉलेजात असाल तर हा फॉर्म तुम्हाला माहीत आहेच. पाच-सहा विषय, प्रत्येकाला दहा-बारा प्रश्न, एक ते पाच मार्क, आणि सगळ्यात खाली एक मोकळा चौकोन. बहुतेक जण काय करतात, तर जे सर आवडतात त्यांना वरपासून खालपर्यंत पाच, जे आवडत नाहीत त्यांना दोन, आणि चौकोनात एक टिंब. टिंब यासाठी की चौकोन रिकामा असला तर फॉर्म पुढे जात नाही. मीसुद्धा चार वर्षं टिंबच टाकलं. फक्त एकदा टाकलं नाही. त्या एका वेळची गोष्ट आधी सांगतो, कारण ती अजून मला टोचते.

पाचव्या सेमिस्टरला आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम्स होतं. सरांचं नाव घेत नाही. सर तासाला आले की स्वतःचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचे, सहा-सात ओळींचा सी प्रोग्राम आमच्यासमोर टाइप करायचे, आणि रन करायच्या आधी थांबायचे. "बोला, किती वेळा छापेल? एक म्हणणारे हात वर करा." मग दोन म्हणणारे. मग चार. हात मोजून फळ्यावर आकडे लिहायचे आणि मगच एंटर. एक प्रोग्राम तर मला आजही तोंडपाठ आहे. मधला भाग इतकाच:

```c
printf("hi");
fork();
return 0;
```

आख्ख्या वर्गाने एकला हात वर केला. printf आधी आहे, fork नंतर, मग दोनदा कशाला छापेल? सरांनी एंटर दाबलं आणि स्क्रीनवर आलं `hihi`. वर्गात गोंधळ! मग सरांनी सांगितलं की मजकुराच्या शेवटी `\n` नाही, त्यामुळे तो अजून स्क्रीनवर गेलेलाच नाही, प्रोसेसच्या बफरमध्ये पडून आहे. fork सगळी मेमरी कॉपी करतो, त्यात तो बफरही आला. शेवटी दोन्ही प्रोसेस आपापला बफर रिकामा करतात. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्या एका लॉग फाइलमध्ये काही ओळी दोनदा येत होत्या. तो बग मला दहा मिनिटांत सापडला. माझी हुशारी नव्हती ती, तो तास आठवला इतकंच.

पण याच सरांचे शेवटचे दोन युनिट मात्र अक्षरशः पळाले. पेज रिप्लेसमेंटमध्ये बेलेडीची विसंगती म्हणून एक भाग आहे. फीफो पद्धतीत मेमरीच्या फ्रेम वाढवल्या तर पेज फॉल्ट कमी व्हायला हवेत, पण कधीकधी उलटे वाढतात. पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण आहे, तीन फ्रेमला 9 फॉल्ट आणि चार फ्रेमला 10. हे दोन आकडे फळ्यावर आले आणि पुसलेही गेले. का वाढतात, हे कळायला वेळच मिळाला नाही. परीक्षेत नेमकं तेच आलं आणि मी चिडलो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की या वेळी लिहायचंच. आम्ही दहा-बारा जणांनी थोड्याफार फरकाने एकच लिहिलं, "सर खूप फास्ट शिकवतात. स्लो करा."

पुढे चार वर्षांनी त्याच कॉलेजात गिटवर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायला मला बोलावलं. चहाच्या वेळी मी एका मुलाला सहज विचारलं, "सर अजून हात वर करायला लावतात का रे?" तो म्हणाला, "कसले हात? सर पीपीटी दाखवतात. सावकाश. लिहून पण देतात."

मला वाटलं, सर बदलून आलेत की काय. तर नाही, तेच सर. संध्याकाळी स्टाफ रूममध्ये भेटले, तेव्हा न राहवून विचारलंच. ते हसले. म्हणाले, "तुमच्याच बॅचने लिहिलं होतं की फास्ट आहे. तक्रार खरी होती. पण वेळ कुठून काढायचा? युनिट विद्यापीठाने दिलेले, ते गाळता येत नाहीत. लॅपटॉप जोडणं, तुमचे हात मोजणं, यात तासाची पंधरा मिनिटं जायची. ते बंद केलं, शेवटचे युनिट आरामात होतात आता. ते तुम्हाला आवडतं असं कोणी लिहिलंच नव्हतं."

मी गप्प बसलो. काय बोलणार? आम्ही जे लिहिलं त्यात खोटं काहीच नव्हतं. पण कुठे फास्ट, ते लिहिलं नव्हतं, आणि कशाला हात लावू नका, तेही लिहिलं नव्हतं. सरांकडे वेळ मोजून होता, तो कुठून तरी कापायचाच होता, आणि आम्ही कात्री त्यांच्या हातात देऊन डोळे मिटले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, त्यातला प्रकार.

म्हणून फीडबॅकमधल्या कौतुकाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. ते सौजन्य म्हणून लिहायचं नसतं. आधी गोड बोला, मग कडू, मग परत गोड, असं सँडविच बनवायला बरेच जण शिकवतात. मला ते पटत नाही. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच वास येतो की आता "पण" येणार. कौतुकाचं काम वेगळं आहे. तक्रार सांगते काय बदला, आणि कौतुक सांगतं की बदलताना काय शाबूत ठेवा. म्हणून तक्रार जितकी नेमकी, तितकंच कौतुकही नेमकं लागतं. "सर छान शिकवतात" या वाक्याने आमचे हात वर करणारे तास वाचले नसते. "रन करायच्या आधी उत्तर विचारता, ते चालू ठेवा" या एका ओळीने कदाचित वाचले असते.

त्या कार्यशाळेनंतर माझ्याही हातात फीडबॅकचा गठ्ठा आला. त्रेचाळीस कागद. पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो. अर्ध्याहून जास्त कागदांवर "नाइस सेशन" किंवा "छान होतं". वाचून बरं वाटतं, आणि अर्ध्या तासात विसरून जातो. दोघांनी लिहिलं होतं "मराठीत बोलू नका", तिघांनी लिहिलं होतं "मराठीत सांगितलं म्हणून समजलं". आता मी काय करू? दोन विरुद्ध तीन, असं मतदान घेऊ?

मग एक कागद सापडला. त्यावर साधारण असं होतं, "आमच्या बाकावर दोघे बाहेरच्या राज्यातले आहेत. तुमचे मराठी विनोद मी त्यांना सांगत होतो, त्याचं काही नाही. पण मर्ज कॉन्फ्लिक्ट का येतो हेही तुम्ही मराठीतच सांगितलं आणि तिथे ते मागे पडले. पुढचं काहीच त्यांना करता आलं नाही." बघा, या एका कागदाने पाच कागदांचं भांडण मिटवलं. गप्पा मराठीत चालतील, मुख्य संकल्पना एकदा इंग्रजीतही सांगायची. पुढच्या वेळी मी तसंच केलं.

आणि एक कागद असा होता, "सरांना स्वतःलाच येत नाही." खरं सांगू? त्या रात्री मी सुधारणा वगैरे कसलाच विचार केला नाही. हे कोणी लिहिलं असेल, एवढाच विचार केला. खूप नंतर लक्षात आलं की पहिल्या दिवशी माझं git push रिजेक्ट झालं होतं आणि सगळ्यांसमोर मी पाच-सहा मिनिटं चाचपडत होतो. त्या मुलाने तेच पाहिलं असणार. त्याने जर लिहिलं असतं की "पुश रिजेक्ट झाल्यावर पाच मिनिटं काय चाललंय ते आम्हाला कळत नव्हतं," तर मला लागलं असतंच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डेमो आधी चालवून पाहिला असता. त्याने पाहिलेली गोष्ट खरी होती. त्यावरून काढलेला निकाल मात्र त्याने कागदावर लिहिला, आणि पाहिलेली गोष्ट स्वतःकडेच ठेवली.

आमच्या कामात हे रोजचं आहे. कस्टमर तिकीट टाकतो, "ॲप चालत नाही." त्यावर काही करता येत नाही. कुठल्या स्क्रीनवर होतात, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे कळलं की निम्मं काम झालं. शिकवण्याबद्दलची तक्रारसुद्धा याच चार गोष्टी मागते.

तर आता बहिणीकडे येऊ. तिने टाइप केलेलं पहिलं वाक्य होतं, "मॅडम फक्त पीपीटी वाचतात. नॉर्मलायझेशन कोणालाच समजलं नाही. टीचिंग इम्प्रूव्ह करावं."

मी फोन लावला. पहिल्यांदा विचारलं, "फक्त? फळ्यावर कधीच काही लिहिलं नाही त्यांनी?" थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "नाही, तसं एकदा लिहिलं होतं. एसटीच्या आरक्षणाचं टेबल काढलं होतं. ते भारी होतं." काय होतं ते? एकाच टेबलमध्ये प्रवासी, सीट, मार्ग आणि त्या मार्गाचं भाडं. मॅडमनी विचारलं, एखाद्या मार्गावरच्या एकमेव प्रवाशाने तिकीट रद्द केलं आणि आपण ती ओळ डिलीट केली, तर काय होईल? प्रवाशाबरोबर त्या मार्गाचं भाडंही डेटाबेसमधून गायब! डिलीशन ॲनोमली म्हणजे काय, हे तिला तिथे कायमचं कळलं. आणि हीच मुलगी फॉर्ममध्ये "फक्त पीपीटी वाचतात" लिहीत होती. "फक्त", "नेहमी", "कधीच" हे शब्द आले की वाचणाऱ्याला एक अपवाद आठवतो आणि उरलेलं सगळं तो झटकून टाकतो. मॅडमना एसटीचं टेबल आठवलं असतंच.

दुसरा प्रश्न, "कोणालाच समजलं नाही म्हणजे किती जणांना?" ती, तिच्या दोन रूममेट, आणि लॅबमधला एक मुलगा. म्हणजे चार. मग चारच लिही ना. चार हा काही लहान आकडा नाही, आणि खरा आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "नेमकं कुठे अडलीस?" आधी म्हणाली, सगळीकडेच. मी म्हटलं युनिट टेस्टचा पेपर काढ. काढला. प्रश्न असा होता, की R(A, B, C, D) हे टेबल, A→B आणि C→D ही दोन अवलंबनं, यातून कँडिडेट की शोधा. तिने लिहिलं होतं AB. उत्तर आहे AC. "A पासून सुरुवात केली, मग B मिळाला, पुढे काय करायचं ते कळेना, म्हणून AB लिहून मोकळी झाले." म्हणजे तिची अडचण सगळ्या नॉर्मलायझेशनची नव्हतीच. सुरुवात कुठल्या ॲट्रिब्यूटपासून करायची, एवढंच तिला माहीत नव्हतं. जे ॲट्रिब्यूट कुठल्याच बाणाच्या उजवीकडे येत नाहीत ते कीमध्ये असलेच पाहिजेत, कारण त्यांना दुसरं कोणी मिळवूनच देत नाही. इथे A आणि C. मी दोन मिनिटांत सांगितलं, तिला कळलं.

मग वर्गात का कळलं नाही? तर स्लाइडवर क्लोजर आधीच काढून तयार होतं. मॅडम उत्तर वाचून दाखवायच्या आणि पुढची स्लाइड. उत्तर बरोबर होतं, पण ते काढताना कोणी पाहिलंच नव्हतं. आता "पीपीटी वाचतात" या तक्रारीला अर्थ आला. एसटीच्या उदाहरणाला स्लाइड असती तरी चाललं असतं. अडचण होती ती गणित सोडवून दाखवण्याच्या जागी तयार उत्तर दाखवण्याची.

आणखी दोन गोष्टी तिला लिहायच्या होत्या, त्या मी काढायला लावल्या. एक, लॅबमधली सात-आठ मशीन बंद आहेत. अगं, ती मॅडमनी बंद केलेली नाहीत. फॉर्ममध्ये सुविधांचा वेगळा भाग असतो, तिथे लिही. दुसरी, "मॅडमचा आवाज चिडका आहे." इथे मात्र मी जरा थांबलो. सरांच्या आवाजाबद्दल असं लिहिलं असतंस का, विचारलं. ती म्हणाली, "नसतं बहुतेक." 2015 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ऑनलाइन कोर्स शिकवणाऱ्या दोघांनी, एक पुरुष आणि एक स्त्री, काही गटांपुरती आपली नावं अदलाबदल करून घेतली. शिकवणारी व्यक्ती कोणीही असो, पुरुषाचं नाव लावलेल्या व्यक्तीला विद्यार्थ्यांनी जास्त मार्क दिले. अभ्यास छोटा होता, त्यावरून जग ठरवू नका. पण "चिडका आवाज" लिहायच्या आधी स्वतःला एकदा विचारायला काय हरकत आहे? आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नसेल तर ते जरूर लिहा. तो त्रास खरा आहे आणि माइकने सुटतो.

मग तिने जे लिहिलं ते तिच्या परवानगीने वाचून दाखवतो:

"मॅडम, तिसऱ्या युनिटच्या सुरुवातीला तुम्ही फळ्यावर एसटी आरक्षणाचं टेबल काढून तिकीट रद्द केल्यावर भाडंही कसं जातं ते दाखवलं, त्यामुळे ॲनोमली मला पुस्तक न उघडता समजली. ते उदाहरण कृपया ठेवा. त्यानंतर क्लोजर आणि कँडिडेट की मात्र स्लाइडवर सोडवून तयार होत्या. सुरुवात कुठल्या ॲट्रिब्यूटपासून करायची हे मला कळलं नाही आणि युनिट टेस्टमध्ये मी AC ऐवजी AB लिहिलं. माझ्या ओळखीतल्या आणखी तिघांचं तिथेच चुकलं. पुढच्या बॅचला दोन तरी गणितं फळ्यावर पहिल्यापासून सोडवून दाखवलीत, आणि त्यातलं एक आधी चुकीच्या जागेपासून सुरू करून दाखवलंत, तर खूप मदत होईल. युनिट टेस्टचे पेपर तुम्ही चूक कुठे झाली ते लिहून परत देता, त्यामुळेच मला हे शोधता आलं."

शेवटचं वाक्य तिचं तिनेच घातलं. मला तर तोपर्यंत माहीतच नव्हतं. पेपरवर लाल पेनाने "C कसा मिळणार?" असं मॅडमनी लिहिलं होतं, आणि फोनवर ती मला तेच वाचून दाखवत होती.

आता तिची एक भीती होती, आणि ती अगदी रास्त आहे. "मॅडमना कळेल ना मीच लिहिलंय?" फॉर्मवर निनावी लिहिलेलं असतं, पण लॉगिन तुमच्याच नावाचं असतं, आणि ती माहिती कोण पाहू शकतं हे प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं. त्यापेक्षा सोपा धोका म्हणजे मजकूरच तुम्हाला उघडं पाडतो. साठ-सत्तर जणांच्या वर्गात AB लिहिणारे बरेच असतील. पण आठ जणांचा इलेक्टिव्ह असेल तर असं उदाहरण म्हणजे जवळपास सहीच. तिथे तुमच्या पेपरातली चूक न सांगता "की शोधण्याच्या प्रश्नात" इतकंच म्हणा. "मी तुम्हाला त्या दिवशी विचारलं होतं" हे तर कुठेच लिहू नका. आणि बोलण्याची ढब! आमच्या वर्गात एक जण प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं टाकायचा. सरांनी त्याला नावानिशी उत्तर दिलं होतं.

एक गोष्ट या चौकोनात अजिबात टाकू नका. कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावत असेल, जातीवरून बोलत असेल, मार्कांची धमकी देत असेल, तर त्यासाठी कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती आणि तक्रार निवारण समिती असतात. तिथे लेखी द्या आणि पोच घ्या. फीडबॅकचा गठ्ठा सेमिस्टर संपल्यावर कधीतरी उघडतो, आणि अशी तक्रार त्यात बुडून जाते.

हाच या फॉर्मचा मोठा दोषही आहे. तो शेवटी येतो. बहिणीला त्याचा काही उपयोग नाही, झाला तर पुढच्या बॅचला होईल. हीच क्लोजरची गोष्ट तिने युनिट टेस्टनंतर लगेच, चौघी-चौघांनी मिळून, पेपर हातात घेऊन मॅडमना विचारली असती तर एका तासात मिटली असती. पेपरवर "C कसा मिळणार?" लिहिणाऱ्या बाई हाकलून देणाऱ्या वाटत नाहीत मला. हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "दादा, परीक्षा सोमवारी आहे, आता लेक्चर नको."

चौकोनात अक्षरांची मर्यादा होती आणि तिचा मजकूर थोडा जास्त झाला. ती पटकन एसटीचं वाक्य उडवायला निघाली होती. मी म्हटलं, दुसरं काहीही उडव, ते नको. मग तिने "खूप मदत होईल" मधला "खूप", "कृपया" आणि अजून चार शब्द काढले आणि बसवलं.

सबमिट झालं. हॉल तिकीट डाउनलोड झालं. त्यावर तिचं आडनाव चुकीचं छापलंय. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे म्हणे.

चला, भेटू पुढच्या भागात.